गुळगुळीत वाक्य कानाने पकडताना

लेखाचा खर्डा मोठ्याने वाचला की अडखळणारी वाक्ये सापडतात, हे बहुतेक लिहिणाऱ्यांना ठाऊक असते. क्रियापद फार लांब गेले, एकाच ओळीत तीन 'च्या' आले, कर्ता हरवला, असे दोष जिभेला लगेच कळतात. या वाचनाचा दुसरा उपयोग मात्र सहसा केला जात नाही. जिथे जीभ मुळीच अडखळत नाही, आवाज आपोआप पुढे सरकतो, त्या जागाही याच वाचनात सापडतात, आणि परीक्षकाच्या शंकेचे मूळ बहुधा तिथेच असते. शोधनिबंध तपासणारा तज्ज्ञ, प्रबंधाचा बहिःस्थ परीक्षक किंवा मासिकाचा संपादक अडखळणारे वाक्य सुधारून घेतो. कोणत्याही विषयाला चालेल असे गुळगुळीत वाक्य भेटले, की लेखकाने ही सामग्री खरोखर पाहिली आहे का, असा प्रश्न त्याला पडतो.

लेखकाला स्वतःच्या खर्ड्यातली अशी वाक्ये डोळ्यांनी दिसत नाहीत, याचे कारण साधे आहे. मनातल्या मनात वाचताना डोळा प्रत्येक शब्दावर थांबत नाही. अपेक्षित शब्द तो ओलांडून जातो. इंग्रजी वाचकांवरच्या अभ्यासांत मूक वाचनाचा वेग मिनिटाला सुमारे 240 शब्द आणि मोठ्याने वाचण्याचा सुमारे 180 शब्द आढळला आहे. भाषेनुसार आकडे बदलतील, पण फरकाची दिशा तीच राहील. त्यात स्वतःचा मजकूर असेल तर पुढे काय येणार हे आधीच माहीत असते. 'मोठ्या प्रमाणावर हानी झाली' असे वाचताना लेखकाच्या मनात पडलेली घरे, तडा गेलेली भिंत, मृतांचा आकडा असे सगळे उभे राहते. ते कागदावर उतरलेले नाही, हे त्याच्या लक्षातच येत नाही. आवाजाला मात्र कागदावर जेवढे आहे तेवढेच उच्चारता येते.

तरीही कानाची एक अडचण आहे. साचेबद्ध वाक्य कानाला वाईट लागत नाही, उलट फार बरे लागते. शेकडो भाषणांत, अग्रलेखांत आणि प्रस्तावनांत घासून त्याची लय पक्की झालेली असते. म्हणून 'ऐकायला चांगले वाटते का' या कसोटीने वाचले तर नेमकी हीच वाक्ये उत्तीर्ण होतात. लक्ष ठेवायचे ते आवाज काय करतो याकडे. ठोस वाक्य वाचताना वेग किंचित उतरतो, कारण तारखेवर, गावाच्या नावावर, आकड्यावर जिभेला पाय टेकावा लागतो. साच्यातल्या वाक्यावर वेग वाढतो, स्वर सपाट होतो किंवा व्यासपीठावरच्या वक्त्यासारखा हेल काढू लागतो. मराठीत हा हेल दोन ठिकाणी हमखास येतो. एक म्हणजे 'सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक' अशा विशेषणांच्या तिकडीवर. दुसरा वाक्याच्या शेवटी, 'दिसून येते', 'म्हटले जाते', 'मानले जाते' यांसारख्या कर्ता लपवणाऱ्या क्रियापदांवर. सलग तीन वाक्ये अशा शेपटीवर संपली की आवाज एकाच जागी तीनदा खाली येतो, आणि ते कान न देताही ऐकू येते.

वाचनाची तयारी अगदी थोडी लागते. खर्डा कागदावर छापून घ्यावा, ओळींमध्ये जागा आणि डावीकडे रुंद समास ठेवावा, हातात पेन्सिल असावी. लिहून झाल्याच्या दिवशीच वाचू नये; निदान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. दोन हजार शब्दांचा लेख संथपणे वाचायला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. याहून मोठा निबंध एका बैठकीत वाचला तर घसा थकण्याआधी लक्ष थकते, म्हणून तो भागांत वाचावा. आरंभ, उपसंहार आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाणारे परिच्छेद आधी घ्यावेत, कारण साच्यातली वाक्ये तिथे गर्दी करतात. कार्यपद्धती किंवा निरीक्षणांचा भाग नंतर वाचला तरी चालतो. तिथे काय केले हे सांगावेच लागत असल्याने लेखक सहसा जमिनीवर असतो. वाचताना दुरुस्ती करू नये. आवाज घसरला त्या ओळीशेजारी नुसती उभी रेघ मारून पुढे जावे. थांबून शब्द बदलायला लागले की वाचन मोडते आणि ते पुन्हा मूक वाचन होते.

रेघ मारलेले प्रत्येक वाक्य दोषी असते असे नाही. रेघ म्हणजे चौकशीची जागा. ही चौकशी कशी होते, हे प्रत्यक्ष मजकुरावर पाहिलेले बरे. कोयनेच्या भूकंपावरच्या एका लेखाचा असा परिच्छेद कल्पावा:

'महाराष्ट्राच्या विकासात कोयना धरणाचे अनन्यसाधारण महत्त्व आहे. मोठ्या धरणांमुळे परिसराच्या भूरचनेवर विविध प्रकारचे परिणाम होतात, असे अनेक तज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर परिसरात 6.3 रिश्टरचा भूकंप झाला. या विनाशकारी भूकंपाने मोठ्या प्रमाणावर जीवित व वित्तहानी झाली. जलाशयातील पाणी आणि भूकंप यांचा जवळचा संबंध असल्याचे दिसून येते. त्यामुळे या विषयाकडे गांभीर्याने पाहण्याची नितांत गरज आहे.'

हा परिच्छेद व्याकरणाने निर्दोष आहे. मूक वाचनात तो सहज निघून जातो. मोठ्याने वाचला की सहा वाक्यांपैकी फक्त तिसऱ्यावर वेग उतरतो; तारीख, गाव आणि आकडा तिथे आहे. उरलेल्या पाच वाक्यांशेजारी रेघ येते. आता ती एकेक करून पाहायची.

पहिल्या वाक्यासाठी सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे नाव बदलून पुन्हा मोठ्याने वाचणे. 'महाराष्ट्राच्या विकासात उजनी धरणाचे अनन्यसाधारण महत्त्व आहे' किंवा 'जायकवाडी धरणाचे'. दोन्ही वाक्ये तितक्याच थाटात उभी राहतात. याचा अर्थ मूळ वाक्यात कोयनेबद्दल काहीच नव्हते. इथे लेखकापुढे दोन वाटा असतात. कोयनेचे म्हणून जे वेगळे आहे ते सांगावे, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या नदीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून कोकणाच्या बाजूला वीज तयार केली जाते आणि सर्व टप्पे मिळून ही क्षमता सुमारे 1,960 मेगावॅट आहे; किंवा वाक्य काढून टाकावे. लेख भूकंपावर असेल तर काढणेच योग्य. साच्यातले वाक्य सापडले की त्यात तपशील भरायचाच असे नाही. पुष्कळदा ते लेखकाला सुरुवात करता यावी म्हणून आलेले असते. सुरुवात झाल्यावर त्याचे काम संपलेले असते.

दुसरे वाक्य अधिक घातक आहे, कारण ते विद्वत्तेचा आव आणते. त्यावर परीक्षक कोणते प्रश्न समासात लिहील, हे वाचणाऱ्याने मोठ्यानेच विचारावे. कोणते तज्ज्ञ? कोणते परिणाम? कोणत्या धरणांवर? प्रश्नाला पुढचे वाक्य उत्तर देत असेल तर ठीक. देत नसेल तर शंका रास्त आहे. इथे प्रश्न विचारता विचारता आणखी एक गोष्ट उघडी पडते. वाक्य मोघम तर आहेच, शिवाय ते पुरते खरेही नाही. जगातल्या बहुसंख्य मोठ्या धरणांखाली जाणवण्याजोगे भूकंप झालेले नाहीत. 'विविध प्रकारचे' आणि 'अनेक' या दोन शब्दांनी ही चूक झाकली होती. जे खरे आहे ते असे: अमेरिकेत हूव्हर धरणामागच्या मीड सरोवरात 1930 च्या दशकात पाणी भरू लागल्यावर तिथे लहान भूकंप नोंदले जाऊ लागले. पुढे चीनमधील शिनफेंगजियांग येथे 1962 मध्ये, झांबेझी नदीवरच्या करीबा येथे 1963 मध्ये आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथे 1966 मध्ये जलाशयांच्या परिसरात 6 हून मोठे भूकंप झाले. कोयना हा त्यानंतरचा आणि त्या सर्वांत मोठा मानला गेलेला. एवढे लिहिल्यावर 'तज्ज्ञांनी दाखवून दिले आहे' या शेपटीची गरज उरत नाही, आणि वाक्य वाचताना आवाजही सावकाश होतो.

चौथ्या वाक्यातला 'जीवित व वित्तहानी' हा जोडशब्द जिभेवरून इतका सहज घरंगळतो की तो ऐकू येणेच बंद झालेले असते. कोयनेबाबत यामागची माहिती उपलब्ध आहे. सुमारे 180 माणसे दगावली, कोयनानगरमधली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत, आणि 103 मीटर उंचीच्या धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्याने ते नंतर मजबूत करावे लागले. यातली शेवटची गोष्ट लेखाच्या विषयाला सर्वांत जवळची, आणि मोघम वाक्याने नेमकी तीच गिळली होती. 'विनाशकारी' हे विशेषण आता काढून टाकता येते. तपशील आल्यावर विशेषण नुसते लटकत राहते, हे दोन्ही रूपे पाठोपाठ मोठ्याने वाचली की पटते.

पाचवे वाक्य हा संपूर्ण लेखाचा गाभा आहे. परीक्षक सर्वांत जास्त वेळ इथे थांबणार, आणि लेखकाने सर्वांत कमी शब्द इथेच खर्च केले आहेत. अनुभवी संपादक सांगतील की हे वारंवार घडते. ज्या दाव्याची लेखकाला मनातून पूर्ण खात्री असते तो दावा तो गृहीत धरून पुढे जातो. 'जवळचा संबंध' म्हणजे काय? पाण्याच्या वजनाने भूकंप होतो की पाणी झिरपून? संबंध कशावरून कळला? कोणाला 'दिसून येते'? या प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात मावत नाहीत, म्हणून तिथे वाक्याऐवजी परिच्छेद लागतो. शिवाजीसागर जलाशयात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागले आणि त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले. 1967 नंतरही ते थांबले नाहीत; 5 किंवा त्याहून मोठे वीसहून अधिक भूकंप धरणाच्या दक्षिणेकडच्या तुलनेने लहान पट्ट्यात झाले आहेत. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत धक्क्यांची संख्या वाढते, असा क्रम नोंदींत सापडतो. 1980 च्या दशकात जवळच्या वारणा धरणात पाणी साठल्यावर हालचाल त्या बाजूलाही सरकली. कारण म्हणून दोन गोष्टी सांगितल्या जातात: साठलेल्या पाण्याचा भार, आणि खडकातल्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा वाढलेला दाब. मात्र ताण खडकात आधीपासून असावा लागतो. पाणी तो निर्माण करत नाही, मोकळा व्हायला निमित्त होते.

इथे आणखी एक अट लिहावी लागते. धरणापूर्वी या भागात भूकंपमापक यंत्रांचे दाट जाळे नव्हते, त्यामुळे 'पूर्वी इथे भूकंप होतच नव्हते' असे ठाम म्हणता येत नाही. मोठे, जाणवलेले भूकंप नोंदलेले नाहीत एवढेच म्हणता येते. मूळ मोघम वाक्यात ही अट लिहायला जागाच नव्हती. 'जवळचा संबंध' इतक्या सैल शब्दाला कोणतीच मर्यादा घालता येत नाही, आणि मर्यादा न सांगणाऱ्या लेखकावर परीक्षक विश्वास ठेवत नाही.

सहाव्या वाक्यावर तिसरी परीक्षा चालवावी: वाक्य उलटे करून मोठ्याने वाचावे. 'या विषयाकडे गांभीर्याने पाहण्याची काहीच गरज नाही' असे म्हणणारा कोणी शहाणा माणूस भेटेल का? भेटणार नसेल तर मूळ वाक्याने काहीच सांगितलेले नाही. ते खोडावे. त्याजागी खरोखर काही मागायचे असेल, उदाहरणार्थ जलाशयाची पातळी आणि धक्क्यांच्या नोंदी एकत्र प्रसिद्ध व्हाव्यात, तर तसे लिहावे. त्या मागणीला विरोध करणारा माणूस कल्पिता येतो, म्हणून ते विधान आहे.

दुरुस्तीनंतर परिच्छेद साधारण असा होतो:

'11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर परिसरात 6.3 रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे 180 माणसे मृत्युमुखी पडली आणि 103 मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. शिवाजीसागर जलाशय भरू लागून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. जलाशयांच्या परिसरात 6 हून मोठे भूकंप त्याआधीच्या सहा वर्षांत चीन, करीबा आणि ग्रीस येथे झाले होते. कोयनेत पावसाळ्यानंतर, जलाशय भरलेला असताना, धक्के वाढतात. मात्र धरणापूर्वी यंत्रांचे दाट जाळे नसल्याने तेव्हाच्या लहान धक्क्यांशी तुलना करता येत नाही.'

हा परिच्छेद पुन्हा मोठ्याने वाचला तर तो आधीच्याइतका ओघवता वाटत नाही. शेवटचे वाक्य लांब आहे आणि दोन श्वास मागते; ते हवे तर तोडता येईल. पण आता शंका घेणाऱ्याला बोट ठेवायला नेमक्या जागा आहेत. तो आकडा तपासू शकतो, करीबाबद्दल वाद घालू शकतो, तुलनेची अट पुरेशी नाही असे म्हणू शकतो. मूळ परिच्छेदाबाबत यातले काहीच शक्य नव्हते. तिथे शंका एकाच गोष्टीवर येऊ शकत होती, ती म्हणजे लेखकावर.

सगळी सर्वसाधारण वाक्ये मात्र उडवून लावण्याची गरज नसते. 'पाणी खडकांच्या भेगांत झिरपते' हे सर्वसाधारण विधान आहे, तरी ते हवे, कारण पुढचे स्पष्टीकरण त्यावर उभे राहते. वाचकाला दम घ्यायला दिलेले एखादे साधे जोडवाक्यही चालते. फरक ओळखायची खूण अशी: वाक्य वगळून आधीचे आणि नंतरचे सलग मोठ्याने वाचावे. अर्थात खड्डा पडला तर वाक्य कामाचे होते. काहीच बिघडले नाही, उलट मजकूर जवळ आला, तर ते भरताड होते. प्रत्येक ओळीत तारीख आणि आकडा कोंबला तर मजकूर जमाखर्चाच्या वहीसारखा होतो आणि वाचणाऱ्याचा आवाज निराळ्या रीतीने सपाट होतो.

या रीतीत चूक होते ती बहुधा वाचणाऱ्याच्या उत्साहामुळे. बोलायची सवय असलेला प्राध्यापक किंवा कलावंत स्वतःचा खर्डा वाचताना तो रंगवून सादर करतो. आवाजातल्या चढउतारांनी पोकळ वाक्यातही जीव भरतो आणि रेघ मारायचे राहून जाते. यावर दोन उपाय आहेत. फोनवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी हातात कागद घेऊन ऐकावे. स्वतःचाच आवाज परका वाटतो आणि हेल लपत नाही. किंवा विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला सांगावे आणि लेखकाने गप्प बसून ऐकावे. मजकुराचा गर्भितार्थ माहीत नसल्याने तो माणूस कागदावर जे आहे तेच वाचतो. परिच्छेद शेवटाकडून सुरुवातीकडे अशा उलट क्रमाने वाचण्याची युक्तीही उपयोगी पडते, कारण युक्तिवादाच्या ओघात वाहून जाणे त्यामुळे थांबते आणि प्रत्येक परिच्छेदाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते.

कानाला न सापडणारा दोष एकच, पण मोठा आहे. चुकीचा तपशील बरोबर तपशिलासारखाच ऐकू येतो. '6.3 रिश्टर' आणि '6.5 रिश्टर' वाचताना आवाजात काहीही फरक पडत नाही, आणि कोयनेबाबत जुन्या व नव्या मोजणीप्रमाणे दोन्ही आकडे छापलेले आढळतात. मोघमपणा गेल्याच्या आनंदात आठवणीतून भरलेला आकडा परीक्षकाने खोटा ठरवला, तर मोघम वाक्यापेक्षा जास्त नुकसान होते. म्हणून आधार हाताशी नसलेला तपशील घालू नये; वाक्य खोडणे त्याहून बरे. खर्डा पाठवण्यापूर्वी दोन वाचने करावीत: आधी मोठ्याने, आणि नंतर प्रत्येक नाव, साल व आकडा मूळ टिपणांशी ताडून पाहत मुकाट्याने. हा क्रम उलटा करू नये, कारण पहिल्या वाचनानंतर वाक्ये बदलतात आणि न तपासलेले नवे आकडे त्या बदललेल्या वाक्यांतच येतात.